पायासाठी ठेवलेलं पाणी

डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणं हे तिचं काम. नवरा वारल्यापासून ती लेकीला घेऊन माहेरी राहत होती. घरात वडील अण्णा, ती आणि सात वर्षांची भिंगरी. पोरगी एका जागी टिकायची नाही, म्हणून आजोबांनीच हे नाव ठेवलेलं.

अण्णांचा डावा पाय हत्तीरोगाने खांबासारखा सुजलेला. तरुणपणी ते तुंबलेल्या गटाराकाठच्या खोलीत राहत. त्या घाण पाण्यात होणारा क्युलेक्स डास रात्री चावत राहिला आणि पाय कायमचा गेला. तेव्हापासून अण्णांनी रात्रीच्या डासांशी उभा दावा मांडला होता. दिवेलागणीला खिडक्या बंद आणि नातीची मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली.

"मच्छरदाणी आहे की तिजोरी?" ती हसायची.

"तिजोरीच. ऐवज आहे ना आत!"

दुपारी मात्र शाळेतून आलेली भिंगरी ओट्यावर त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून उघड्यावर झोपायची. दिवसा कुठले आलेत डास, असं अण्णा म्हणायचे.

त्या महिन्यात तिला धरणाच्या कामावर पाठवलं. मजुरांच्या वस्तीत मलेरिया पसरला होता. खणलेल्या खड्ड्यांत नितळ पाणी साठलेलं आणि त्यावर मलेरियाच्या डासाच्या, ॲनोफिलीसच्या, अळ्या आडव्या तरंगत होत्या. तिथेच अण्णांचा फोन आला.

"पोरीला ताप आहे गं. रक्त तपासलं, मलेरिया नाही निघाला. तू घाबरू नकोस."

"डोळे दुखतात म्हणते का? अंग?"

"म्हणते खरी. पण आज ताप उतरलाय. पोट तेवढं दुखतंय, दोनदा ओकली."

डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ वाईट, हे तिला पाठ होतं. "अण्णा, रिक्षा करा. आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. मी निघालेच."

ती पोहोचली तेव्हा भिंगरीचे हात बर्फासारखे गार पडले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं. "आई, तू आलीस?" एवढंच ती बोलली. डॉक्टरांनी शर्थ केली. पण उजाडता उजाडता पोरगी गेली.

दिवस झाल्यावर अण्णा घरामागच्या गटाराकडे बोट दाखवून म्हणाले, "गटारानेच खाल्लं. आधी माझा पाय, आता माझं लेकरू."

बॅटरी घेऊन तिने घर तपासायला घेतलं. गटारात क्युलेक्सच होता. कुंड्यांखालच्या बश्या कोरड्या निघाल्या. मग ती मोरीतल्या पिंपाशी आली. अण्णांचा पाय रोज साबणाने धुवायचा, म्हणून स्वच्छ पाणी भरून ठेवा, असं तिनेच सांगितलं होतं. झाकणाचा एक टवका उडालेला. आत उजेड पाडताच पृष्ठभागाशी उलट्या लोंबणाऱ्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. नितळ पाणी, घराच्या आत. एडिस, डेंग्यूचा डास. हा दिवसाउजेडी चावतो, सकाळी आणि दुपार कलली की जास्तच. चार घरं सोडून एकाला डेंग्यू झाला होता. त्याला चावलेलाच एखादा डास ओट्यावर आला असणार.

तिने पिंप ओतून दिलं आणि आतून ब्रशने घासायला लागली. या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीच महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ब्रशचा आवाज ऐकून अण्णा काठी टेकत आले.

"गटार सोडून हे काय घासतेस?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पण अण्णा उद्या पुन्हा पिंप भरणार होते.

"डेंग्यूचा डास गटारात नसतो, अण्णा. चांगल्या पाण्यात होतो. दिवसा चावतो."

अण्णा भिंतीला धरून खाली बसले.

"म्हणजे माझ्या मांडीवरच…"

"पाणी भरायला मी सांगितलं होतं."

"झाकण नीट लावा असंही सांगितलं होतंस. मीच म्हटलं, राहू दे, टवकाच तर उडालाय."

दोघंही ओल्या मोरीत तशीच बसून राहिली. रडायला आधी कुणी सुरुवात केली, ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर अण्णांनी पाय धुणंच सोडलं. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या, पाय लाल झाला, थंडी वाजून ताप भरला. तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली, "मला अजून एक मरण नकोय, कळतंय का तुम्हाला?" मग नळाचं ताजं पाणी आणून तिने स्वतः पाय धुतला, बेचक्या टिपून कोरड्या केल्या. अण्णांनी धुऊ दिला, पण ओट्यावर ते पुन्हा कधी बसले नाहीत.

ती कामावर रुजू झाली. दुसऱ्याच दिवशी एका ओळखीच्या दारात उभी राहिली. घरातली बाई बऱ्याच दिवसांनी गावाहून परतली होती.

"अगं बाई, किती वाळलीस! लेक कशी आहे? कितवीत गेली?"

तिने पिशवीतून बॅटरी काढली.

"दुसरीत," ती म्हणाली. "तुमची टाकी बघू का जरा?"