नऊ विरुद्ध चार

लोक म्हणतात, कंपौंडर परशू लई शाणा. शाणा कसला, गाढव! मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेलं गाढव. आणि हे मी स्वतःच सांगतोय, तेव्हा मधे बोलू नका.

सन १९१३ ची गोष्ट. गुंद गावाजवळ आमचा सरकारी दवाखाना, म्हणजे दोन खोल्या, एक कपाट, एक डॉक्टर आणि मी. थंडीतापानं गावंच्या गावं आडवी झालेली. कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, गोळ्या वाटायला आम्ही गावोगावच्या शाळामास्तरांकडे दिल्या होत्या. त्यांचा एकच सवाल: पोटुशी बाई तापानं फणफणली तर गोळी द्यायची का न्हाई? गोळीनं गर्भ पडतो म्हणतात.

डॉक्टरांच्या इंग्रजी मासिकात नेमका याच सवालावर एक लांबलचक लेख आला. तेरा डॉक्टरांनी आपापल्या ठिकाणी काय पाहिलं, ते एका माणसानं शेजारी शेजारी मांडून ताडून बघितलेलं. डॉक्टरांनी तो माझ्यापुढं टाकला. "परशू, मराठीत सार काढ. एका पानात. मास्तरांना कळेल असं."

मी दोन दिवस त्या लेखावर डोकं घासलं. एका गोष्टीवर तेराही जणांचं एकमत होतं: कोयनेलनं ताप उतरतो. गर्भावर मात्र फाटाफूट. नऊजण म्हणत, गोळीनं पडतो. चौघं म्हणत, पडतो तो तापानं, गोळीनं उलट वाचतो.

हा फरक का पडला, ते लेखकानं पुढं दोन पानं खर्चून सांगितलं होतं. नवांपैकी सहाजणांनी एकाच शहरातल्या एकाच इस्पितळातल्या त्याच त्या बाया मोजल्या होत्या. त्या बाया आठ-आठ दिवस तापात भाजून मग तिथं आलेल्या. गोळी न घेतलेल्या बायांशी कुणी ताडून बघितलंच न्हवतं. चौघांनी मात्र चहाच्या मळ्यांवर तापाच्या बाया घेतल्या, काहींनी गोळी खाल्लेली, काहींनी न खाल्लेली, आणि दोन्हीकडं किती गर्भ पडले ते मोजलं. लेखकाचं म्हणणं, अजून खात्री न्हाई, पण ताप असेल तर गोळी अडवू नका. थोडी थोडी द्या, लक्ष ठेवा.

ही दोन पानं मी वाचली होती. वाचली न्हवती असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर घोड्यावर बसता बसता म्हणाले, "किती विरुद्ध किती?"

"नऊ विरुद्ध चार. पण साहेब, त्यातले सहा..."

"पण-बिण मास्तरांना कळत नाही. नऊ म्हणजे नऊ. लिही."

मी लिहिलं. "तेरा विद्वानांपैकी नवांच्या मते गर्भ पडतो. सबब गरोदर बाईस कोयनेल देऊ नये." खाली झोकात सही ठोकली. वीस प्रती काढल्या. अहो, माझं नाव वीस गावांच्या भिंतीवर लागणार होतं! छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली.

माझी धाकटी बहीण तुळजा बाजारकुणंगला दिलेली. पाचवा महिना. तिच्या गावच्या प्रतीबरोबर मी निरोपही धाडला, "तुझ्या अण्णाचा कागद शाळेवर लागलाय, बघून ये."

तीन आठवड्यांनी तिचा नवरा लाडू दारात उभा. डोईला मुंडासं न्हवतं. ते बघूनच कळलं, घरात कुणीतरी गेलंय.

"एक दिवसाआड ताप भरत हुता," लाडू म्हणाला. "तापाच्या चवथ्या पाळीला मी मास्तराच्या पाया पडलो. मास्तर म्हणला, कागदात न्हाई म्हणलंय, पर ही अशी तापतीया, माझ्या जबाबदारीवर दोन गोळ्या देतो. मी घरला येऊन हातावर ठिवल्या बघ तिच्या."

"मग?"

"तिनं फेकल्या. म्हणली, माझ्या अण्णानं तेरा इद्वानांचं वाचून लिवलंय. मास्तर काय त्याच्यापरास शाणा हाय व्हय? दोन दिसांनी पोर पडलं. रातभर रगात थांबंना. सकाळी ग्येली."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला.

लाडूनं कमरेला खोचलेली कागदाची घडी काढून पुढं धरली. माझाच कागद, भिंतीवरनं काढून आणलेला. "मला वाचाय येत न्हाई. तू वाच. त्यात तिच्यासाठी काय हुतं ते मला ऐकायचं हाय."

मी वाचला. सहीसकट वाचला. तो उभ्यानं ऐकत राहिला, मग म्हणाला, "ते चार काय म्हणत हुते, अण्णा?"

मी ते सांगितलं, अगदी सगळं, ती दोन पानं तोंडपाठ सांगितली.

"हे तुला तवा ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं कागद माझ्या टेबलावर ठेवला, बाहेर पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडाय लागला. आतून डॉक्टरांनी हाक मारली, "परशू, बाहेर कोण कालवा करतंय? हाकल त्याला."

मी बाहेर गेलो, आणि त्याला हाकललं.