क्षमेचं पान

मदनशेठ उपाध्यांच्या मुलीचं, कीर्तीचं, लग्न झालं ते साल २०२२. त्याच साली मे महिन्यात, लग्नाचा मांडव उतरून आठवडा झाला नव्हता, तोवर मदनशेठच्या सांगलीतल्या गोदामात हळदीच्या पोत्यांची थप्पी कोसळली. खाली उभे होते लालासाहेब बर्गे. कोरेगावच्या पुढच्या गावातून आपली हळद घेऊन आलेले, वजनाची वाट बघत उभे राहिलेले शेतकरी. मिरजेच्या दवाखान्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्यावरून काढावा लागला.

मदनशेठनी विमा कंपनीला लगेच कळवलं होतं. गोदामात बाहेरच्या माणसाला इजा झाली तर कंपनी भरपाई देईल, असा त्यांचा विमा होता. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला. पुढं सगळं गप्प.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोर्टाचा बेलीफ आला. लालासाहेबांनी सांगलीच्या दिवाणी कोर्टात दावा लावला होता. समन्स, दाव्याची नक्कल आणि सोबत कागद. मदनशेठनी चष्मा लावला, एकेक पान उलटलं आणि चौथ्या कागदावर थांबले. ते त्यांचंच क्षमापत्र होतं.

जैनांचं पर्युषण संपलं की क्षमावणीला मदनशेठ ओळखीच्या सगळ्यांना छापील कार्ड पाठवायचे. कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. वडिलांपासूनची रीत. अपघाताच्या वर्षी लालासाहेबांच्या कार्डावर मात्र छापील मजकुराखाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती : ‘आमच्या गोदामात तुमचा पाय गेला, रोज डोळ्यापुढं येतं, क्षमा करा.’

दाव्यात वकिलानं लिहिलं होतं, प्रतिवादीनं चूक लेखी कबूल केली आहे.

“कबूल?” मदनशेठ ओरडले तेव्हा हमालांनी पोतं खाली टाकलं. “देवापुढं मागितलेली क्षमा ह्यानं कोर्टात लावली? माणूस हाय का कोण?”

मुलगा आर्जव विम्याची पॉलिसी उघडून बसला होता. “अण्णा, ओरडून काय होतंय? ही शर्त वाचा. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. तुम्ही कार्ड लिहून बसलाय. आता कंपनी हात झटकणार.”

“मग?”

“समन्स कंपनीकडं ताबडतोब पाठवायचं, ही पण शर्तच आहे. कैफियत, म्हणजे आपलं उत्तर, द्यायला कोर्टानं तीस दिवस दिलेत. आजच पत्र टाकतो. समन्स, दावा, बाकी कागद. हे पान तेवढं काढून ठेवतो. कंपनी दाव्यात पक्षकार नाही, त्यांना कोण सांगायला बसलंय?”

त्यानं पान टाचणीतून ओढून काढलं. मदनशेठनी ते त्याच्या हातातून हिसकावलं. आर्जवला वाटलं बाप फाडतोय. त्यांनी घडी घालून खिशात घातलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

“कुठं चाललाय?”

“विचारून येतो त्याला. ह्याच तोंडानं जेवतो का म्हणून.”

गाडी कऱ्हाड ओलांडून कोरेगावच्या वाटेला लागली. ड्रायव्हरनं गाणं लावलं ते त्यांनी बंद केलं. काय काय बोलायचं ते मनात घोकत गेले.

लालासाहेब घराच्या सोप्यात खाटेवर बसले होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, पाठ अजून ताठ. मदनशेठनी चप्पल काढायच्या आधीच पान त्यांच्यापुढं धरलं.

“हे तुमीच दिलंय ना वकिलाला?”

“व्हय, म्याच दिलं.”

“लाज न्हाई वाटली?”

आतून बनुबाई, लालासाहेबांच्या मालकीण, पदर खोचत बाहेर आल्या. “आवं शेठ, लाज कुणाला ईचारताय? तुमचं कार्ड मी देवाच्या फळीवर ठिवलं हुतं. ह्यांनी वकिलाला दिलं तवा मी दोन दिस बोलले न्हाई. पर पाय कुणाचा गेलाय? उसाला पाणी पाजायला कोण जातंय आता, तुमचं कार्ड?”

“तू गप गं,” लालासाहेब म्हणाले. “शेठ, बसा. उभ्यानं भांडाय मला जमत न्हाई, मला एकच पाय हाय.”

मदनशेठ बसले.

“तुमी क्षमा मागितली, ती म्या त्याच दिवशी केली,” लालासाहेब म्हणाले. “सीमेवर दोन येळा गोळी चुकली, पाय शाबूत राहिला. हळदीनं नेला. तुमच्यावर राग न्हाई. पर वकील म्हणाला, कंपनी कागदाबिगार दमडी सोडत न्हाई. ती द्यायला बसलीय तर तिच्याकडनंच येऊ दे की.”

“कंपनी आता देणारच न्हाई! तुमच्या ह्या पानानं!”

“आन् पान काढून पाठवलं तर?”

मदनशेठनी टाचणीतून फाटून आलेल्या त्या सुट्या पानाकडं बघितलं. ह्याला कसं कळलं?

“शेठ, चौकशीत लय बसलोय पलटणीत. मूळ कागद कोर्टात हाय. कंपनीचा वकील पैल्या तारखंला फाईल बघंल. मग म्हणंल, कबूल केलं ते केलं, वर लपवलं. मग कंपनी ग्येली. मला तुमच्या गोदामावर जप्ती आणावी लागंल. ते मला नको. तुमाला पायजे?”

परतीच्या वाटेवर मदनशेठ जास्तच चिडलेले होते, कारण भांडायला गेलेला माणूस बरोबर बोलला होता.

सकाळी त्यांनी आर्जवनं टाईप केलेलं पत्र बाजूला सारलं आणि नवीन सांगितलं. पॉलिसी नंबर, अपघाताची तारीख, तेव्हाच दिलेल्या सूचनेची तारीख, समन्स कधी मिळालं, कोर्टाची पुढची तारीख. सोबत समन्स, दावा आणि त्यासोबतचे सगळे कागद. कंपनीनं वकील नेमून आमच्या वतीनं कैफियत द्यावी. शेवटी : ‘कागद क्रमांक चारवरचे अक्षर माझे आहे. असे पत्र मी दर वर्षी सर्वांना पाठवतो. ही आमच्या धर्माची रीत आहे. भरपाईबद्दल मी कुणाला शब्द दिलेला नाही, देणारही नाही.’

“अण्णा, हे म्हणजे स्वतःच्या हातानं—”

“स्वतःच्या हातानंच लिहिलंय मी ते कार्ड. पत्राखाली सही माझी हाय, तुझी न्हवं.”

विमा कंपनीच्या शाखेत तिथले अधिकारी धैर्यशील साहेबांनी पत्र वाचलं. पोचेचा शिक्का उचलला आणि हवेतच धरला.

“शेठ, ही सरळ कबुली आहे. शर्तभंग. वर पाठवतो, पण आशा ठेवू नका.”

“गेल्या क्षमावणीला तुमाला कार्ड आलं हुतं?”

“आलं होतं. दर वर्षी येतं.”

“मग तुमचा कुठला पाय मोडला हुता मी?” मदनशेठनी टेबलावर हात आपटला तसा शाखेत सगळे वळले. “तुमाला आलं की रीत, त्याला आलं की कबुली? हप्ता घेताना माझा धर्म ईचारला न्हाई. मारा शिक्का!”

“तुमच्या हातची ओळ मला नव्हती, शेठ,” धैर्यशील हळूच म्हणाले.

“न्हवती. त्याचा पाय गेला हुता म्हणून त्याला लिहिली. तुमच्या साहेबाला हेच सांगा.”

शिक्का पडला.

कंपनीचं उत्तर आलं : आमचे सर्व हक्क राखून ठेवून वकील देत आहोत. म्हणजे लढू, पण पैसे द्यायचं नंतर बघू. कैफियत मुदतीत गेली. पुढं दीड वर्ष कंपनी त्या एका ओळीवर अडून बसली. लालासाहेब प्रत्येक तारखेला कुबडीवर कोरेगावहून सांगलीला येत. मदनशेठ कोर्टाच्या पायरीवर भेटत, आणि आपण काही बोललो तर उद्या तेही कागदावर येईल म्हणून नुसती मान हलवत. तो मुकेपणा त्यांना चावायचा. घरी येऊन आर्जववर ओरडायचे.

सप्टेंबर २०२४च्या लोकअदालतीत कंपनी तडजोडीला तयार झाली. मागितलेल्याच्या निम्म्याला. लालासाहेबांनी सही केली आणि उभ्या उभ्या म्हणाले, “शेठ, आता बोला की!” मदनशेठनी तोंड उघडलं, आणि आधी कंपनीला दोन शिव्याच आल्या.

रक्कम कोर्टात जमा व्हायला हिवाळा उजाडला. ती काढायला बनुबाईंना वारस म्हणून वेगळा अर्ज करावा लागला, आणि त्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडावा लागला. सुभेदार लालासाहेब बर्गे शनिवारी, ९ नोव्हेंबर २०२४ रोजी, राहत्या घरी वारले.