न परतलेली बाटली

सुमनबाईला राग यायला वेळ लागत नसे. शिरड शहापूरच्या उपकेंद्रावर ती नर्स म्हणून लागली त्याला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिच्या तोंडाला गावातल्या सरपंचापासून सुइणीपर्यंत सगळे बिचकून होते. पण बाईचा हात हलका, वेळीअवेळी धावून येणार, म्हणून लोक बोलणी खाऊनही तिच्याच दारात जात. "ओरडते, पण वाचवते," असं म्हणत. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या रविवारी सकाळच्या एसटीने ती औंढ्याला बापाकडे आली. बाप ग्यानोबा, कालव्यावर तीस वर्षं पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारा, राहिलेला माणूस. आता पंच्याहत्तरीत हाडं आणि कातडं तेवढं उरलं होतं. सांभाळायला तिचा थोरला भाऊ किशनराव होता, तहसीलमधला शिपाई. गरीब आणि भोळा, पण बापासाठी जीव टाकणारा. औंढ्यात कुणाचाही लेक बापाचं एवढं करत नव्हता, आणि किशनरावाला याचा अभिमान होता. अभिमान वाटावा असंच ते होतं.

ग्यानोबा बाजेवर पडला होता. सुमनबाईनं पायाला हात लावून "जयभीम, बा" म्हटलं. त्यानं डोळे उघडले, पुन्हा मिटले. ओठ वाळून कोरडेठक्क. तिनं त्याचा हात हातात घेतला. बोटं आत वळून ताठ झाली होती, सरळ करू म्हटलं तर होईनात. ओठाचा एक कोपरा राहूनराहून उडत होता.

"कधीपासून असं हाय?" तिनं विचारलं.

"काल सांजपासून," वहिनी रुक्माबाई म्हणाली. "आमाला वाटलं वारं लागलं. दोन दिवस अन्न तोंडात न्हाई घेतलं."

"लघवी?"

वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. "काल सकाळी झाली व्हती. तवापासून न्हाई."

तेवढ्यात सुमनबाईची नजर कोनाड्यात गेली. चार रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, टोकाला लांब नळी असलेल्या, धुऊन ओळीनं उभ्या केलेल्या. मेडिकलमध्ये मिळते ती एनिम्याची बाटली. खारट औषध भरलेली, गुदद्वारातून आत सोडायची. तिला ती बरोबर ओळखू आली, कारण दोन महिन्यांपूर्वी अशी पहिली बाटली तिनंच बापाला दिली होती. आठ दिवस पोट साफ झालं नव्हतं. तिनं एक बाटली दिली, पंधरा मिनिटांत म्हातारा मोकळा झाला, आणि किशनरावानं हात जोडून विचारलं होतं, "मला शिकव ना हे." तिनं शिकवलं. डाव्या कुशीवर झोपवायचं, नळीला तेल लावायचं, हळूहळू दाबायचं. सगळं शिकवलं. किती वेळा द्यायची आणि कधी द्यायची नाही, हे तेवढं सांगायचं राहून गेलं.

"या चार कधी दिल्या?"

किशनरावानं आनंदानं सांगितलं. बहिणीला दाखवायला त्याच्याकडं एवढंच तर होतं. "बुधवारी एक. शुक्रवारी एक. काल दोन. बा पाणीच पीत न्हाई सुमन, उठून भाईर जायाची तकलीफ व्हते ना. म्हणून पोट धरून राहिलं. पहिलीला थोडं आलं. मंग कायच न्हाई. मेडिकलवाला संतराम म्हणाला, न्हाई आलं तर अजून एक द्या."

"आत घातलेलं पाणी? ते तरी भाईर आलं?"

"ते बी न्हाई. काल दोन्ही आतच राहिल्या. मुरल्या असतील."

मुरल्या असतील! सुमनबाईच्या डोक्यात तिडीक गेली. नांदेडला शिकत असताना तिनं एक म्हातारी अशीच जाताना पाहिली होती. डॉक्टरांनी दहा पोरींना खाटेभोवती उभं करून समजावलं होतं, वही काढून लिहून घ्यायला लावलं होतं. ते सगळं तिला तोंडपाठ होतं. ते त्या क्षणी या भावाला सांगायला हवं होतं. पण सांगणं आणि ओरडणं यात फरक असतो, आणि तिला आयुष्यभर दुसरंच जमत आलं होतं.

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार?" ती कडाडली. "दोन दिवस माणूस जेवला न्हाई, त्याच्या पोटातून काय सोनं काढायचं व्हतं तुला? डोकं गहाण टाकलंस का? सांभाळता येत न्हाई तर मला कळवायचं! चिठ्ठी टाकायला हात मोडले व्हते? पोट टम्म झालंय, लघवी बंद झालीय, आन हा बाटल्या धुऊन मांडून बसलाय!"

किशनरावाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. "मी तर बाचं बरं व्हावं म्हणूनच..."

"बरं? बसून ऱ्हा इथं. मी जीप घेऊन येते. हिंगोलीला न्यायचं."

ती तरातरा बाहेर पडली. दवाखान्याचे डॉक्टर रविवारचे गावाला गेलेले. सोसायटीची जीप मिळायला पाऊण तास गेला. ड्रायव्हर जेवत होता, त्याला तिनं हातातला घास टाकायला लावला. "पेट्रोल भरतो आन दहा मिनिटांत दारात येतो," तो म्हणाला. मग तिनं सरळ घर गाठायचं, का नाही? पण वाटेत संतरामचं मेडिकल होतं, आणि तिचे पाय तिकडं वळले. रागाला कुणी तरी खायला लागतं.

संतराम गल्ल्यावर पेपर वाचत होता. पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेन, आणि औंढ्यात त्याला लोक अर्धा डॉक्टर समजत.

"या सिस्टर," तो म्हणाला.

"शहात्तर किलो वजनाच्या पैलवानाला दिल्या का या बाटल्या?" तिनं फळीवर हात आपटला. "पंच्याहत्तर वर्षांचं म्हातारं माणूस! चार दिवसात चार!"

"ते मागतात, आम्ही देतो. पोटाचं औषध आहे, कुठं विष आहे?"

"कागद कुठाय? डब्यात कागद असतो."

संतरामनं खांदे उडवले. "इंग्रजी कागद कोण वाचतंय? आम्ही सुटी बाटली देतो."

"त्यात लिहिलंय, किडनी कमजोर असंल तर देऊ नका. दिवसात एकच्या वर देऊ नका."

"किडनीचा काय संबंध? खालून घातलं, खालूनच आलं."

"आलं तर! नाही आलं तर?" आणि मग सुमनबाईनं त्याला सगळं सांगितलं. नीट, एकापाठोपाठ एक, वहीत लिहिलं होतं तसं. या बाटलीत सोडियमचा फॉस्फेट क्षार असतो. तो अंगातलं पाणी आतड्यात ओढतो, म्हणून जुलाब होतो. तगड्या माणसाचं पाणी आणि औषध दोन्ही लगेच बाहेर पडतं, तो दोन तांबे पाणी पितो आणि कामाला लागतो. पण म्हाताऱ्याचं आतडं थकलेलं. औषध आत पडून राहतं, तासतासभर, आणि त्यातला फॉस्फरस रक्तात उतरतो. तो लघवीतून फेकायचं काम किडनीचं. आधीच अर्ध्यावर आलेली म्हाताऱ्याची किडनी, त्यात पाण्यावाचून सुकलेली. ती फेकू शकत नाही. मग तो फॉस्फरस रक्तातल्या कॅल्शियमला धरतो. बोटं वळतात, तोंड उडतं, काळीज अडखळतं. त्याचे बारीक खडे किडनीतच बसतात आणि लघवी बंद पडते. एक बाटली आत राहिली तर दुसरी द्यायची नसते, माणसाला दवाखान्यात न्यायचं असतं. एवढं एक तुम्हाला माहीत असतं तर!

"मग मिठाच्या पाण्याचा एनिमा द्यायचा का?" संतरामनं विचारलं. त्याच्या आवाजातली तोऱ्याची धार आता बोथट झाली होती.

"ते एखाद्या वेळी चालतं. पण मीठ बी पुन्हापुन्हा दिलं तर अंगात मुरतंच. म्हाताऱ्याला सूज येते, दम लागतो. आधी पाणी पाजा, पेज पाजा, चालवा. रोजचा एनिमा हा इलाजच न्हाई."

बोलून बोलून तिला हलकं वाटायला लागलं होतं. संतरामनं मान खाली घातली आणि मग हळूच म्हणाला, "सिस्टर, पण आत्ताच तर रुक्मावहिनी एक घेऊन गेल्या. लघवी होत नाही म्हणाल्या. मीच म्हटलं, पोट मोकळं झालं की लघवी मोकळी होते."

"कधी?"

"तुम्ही यायच्या थोडं आधी."

सुमनबाई धावली. साडीचा काठ पायात अडकून चावडीजवळ पडली, गुडघा फुटला, उठून पुन्हा धावली. जीप दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती आत शिरली तेव्हा किशनराव बापाच्या पोटावर हात ठेवून बसला होता. बाजेखाली पाचवी बाटली, पिळून सपाट झालेली.

"रस्त्यात तकलीफ नको म्हणून दिली," तो म्हणाला. "तू म्हणलीस ना पोट टम्म हाय, लघवी बंद हाय. म्हणलं तू येईस्तोवर मोकळं करावं."

तिनं पिशवीतली रबरी नळी काढली, बापाला कुशीवर वळवलं, निघेल तेवढं काढायचा प्रयत्न केला. चमचाभर आलं असेल.

हिंगोलीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी हात पाहिले, बाटल्यांचा आकडा ऐकला आणि दुसरं काही विचारलं नाही. शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश दिलं, नाडी धरून. बोटं थोडी सैल झाली. सलाईन लावलं. रात्रभर लघवीची पिशवी कोरडी राहिली. सोमवारी त्यांनी सुमनबाईला बाजूला घेतलं. रक्त धुण्याचं मशीन मुंबईला आहे, आणि या माणसाचं काळीज परभणीपर्यंतसुद्धा पोचणार नाही.

मंगळवारी सकाळी ग्यानोबा गेला.

औंढ्याला आणल्यावर माणसं जमली. प्रत्येकजण किशनरावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, लेक असावा तर असा, बापाचं शेवटपर्यंत हगणंमुतणं काढलं. सुमनबाई भिंतीला टेकून ऐकत होती आणि आतून पेटत होती. ती कुणावर पेटली होती, संतरामवर, भावावर, का त्या न वाचलेल्या कागदावर, हे तिला तिथं सांगता आलं नसतं.

सगळं आटोपल्यावर दोघं भावंडं ओट्यावर बसली. जीपमध्ये ती बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती तेव्हा, हिंगोली येईपर्यंत, तिनं भावाला एकेक गोष्ट सांगितली होती. तोवर सांगून काही उपयोग उरला नव्हता.

किशनराव ओट्यावरचा कचरा हातानं गोळा करत होता. मग म्हणाला, "संतरामला तू मेडिकलात सगळं समजावलंस म्हणं. त्यो सांगत व्हता. फॉस्फरस, कॅल्शियम, सगळं."

"व्हय."

"तेवढंच घरातून निघताना मला सांगितलं असतंस सुमन. मी शिपाई हाय, पर बहिरा न्हाई. आता आणखी देऊ नको, एवढं बी म्हणाली न्हाईस. तू फक्त वरडलीस."