शेवटचे दोन आकडे

मानिझालेस शहरातल्या दवाखान्यात खिडकीमागची मुलगी लेओनिल्देला नम्रपणे पण ठामपणे सांगत होती की, विमा कंपनीची मंजुरी चार वाजेपर्यंत आली नाही, तर गुरुवारची तपासणीची वेळ दुसऱ्या कुणाला दिली जाईल. पुढची तारीख दीड महिन्याने. लेओनिल्देच्या स्तनात गाठ सापडली होती, त्यातला तुकडा काढून तपासायचा होता.

मंजुरीचा कागद कंपनीच्या पोर्टलवर तयार होता. पण पासवर्ड जुन्या मोबाइलमध्येच साठवलेला होता आणि तो मोबाइल बिघडला होता. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद झालं.

लेओनिल्दे बाकावर बसली. ‘पासवर्ड विसरलात?’ वर दाबून तिने कार्डावरचा पॉलिसी क्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख भरली. सगळं जुळलं. मग पडद्यावर आलं: नोंदणीकृत मोबाइलवर कोड पाठवू, शेवटचे आकडे ४७.

तिचे आकडे ४७ नव्हते. ते तिच्या थोरल्या बहिणीचे, रुबिएलाताईचे होते. सात वर्षांपूर्वी लेओनिल्देकडे साधाच फोन होता म्हणून ताईनेच खातं उघडून दिलं होतं, स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या ईमेलवर.

कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसाने तिचे तपशील तपासले, बरोबर असल्याचं सांगितलं, आणि तरीही नंबर बदलायला अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि पाच दिवस लागतील म्हणाला. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

आईच्या अखेरच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं, यावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं. तीन वर्षं. घड्याळात आता सव्वातीन वाजले होते.

ताईने तिसऱ्या घंटीला उचललं. लेओनिल्देने नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, “तुझ्या मोबाइलवर एक कोड येईल, तेवढा वाचून दाखव.”

“कसला कोड?”

“विम्याचा.”

“काय झालंय तुला?”

“आधी कोड सांग,” लेओनिल्दे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिने मागवलेला कोड दहा मिनिटंच चालणार होता. ताई उत्तर मिळेपर्यंत आकडे सांगायची नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मुदत संपली. तिने दुसरा कोड मागवला.

“गाठ आहे,” ती शेवटी म्हणाली. “गुरुवारी बघणार आहेत.”

मग ताई एकेक आकडा सावकाश सांगू लागली. सहा आकडे. नवा पासवर्ड, खातं उघडलं, कागद उतरला. खिडकीतल्या मुलीने मंजुरीचा क्रमांक लिहून घेतला आणि गुरुवारी सकाळी सातला उपाशी यायला सांगितलं.

फोन अजून चालूच होता.

“मी येते गुरुवारी,” ताई म्हणाली.

“नको.”

“मी विचारत नाहीये, लेओ. साडेसहाला दवाखान्याच्या फाटकाशी असेन.”

ताईने फोन ठेवला. पोर्टलवर ‘संपर्क तपशील बदला’ असं बटण होतं. लेओनिल्देने त्याच्यावर बोट नेलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि न दाबता मोबाइल पिशवीत टाकला.