पार्सल घरातल्या व्यक्तीला दिले

फोटोत खोका लहान होता आणि खुर्ची मोठी. निळी, प्लास्टिकची, मागचा एक पाय तडकलेला आणि तडकलेल्या जागी तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे. वेढे एकाशेजारी एक, कुठलाही दुसऱ्यावर चढलेला नाही. बांधणाऱ्याचा हात चांगला असावा. पार्सल पोचल्याचा पुरावा म्हणून कुरिअर कंपनीने हा फोटो पाठवला होता, आणि त्यावरून मला एवढंच खात्रीने कळत होतं, की या जगात कुठेतरी एक नीट दुरुस्त केलेली खुर्ची आहे.

फोटोखाली लिहिलं होतं, ‘पार्सल घरातल्या व्यक्तीला दिले.’

आमच्या घरात व्यक्ती दोन. एक मी, आणि मी तेव्हा पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामावर होते. दुसरी आई. तिला दाराची बेल ऐकू येत नाही, म्हणूनच तर ते पार्सल यायचं होतं. त्यात तिचं कानाचं मशीन होतं, दुरुस्त होऊन आलेलं. तिच्या डाव्या कानाच्या साच्यावर बेतलेलं, त्यामुळे चोराच्यासुद्धा काही उपयोगाचं नव्हतं. परवा सकाळी आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. डोळ्यात नुसते थेंब टाकून, पेशंट जागा ठेवून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “मी सांगेन तेव्हा दिव्याकडे बघायचं, सांगेन तेव्हा हलायचं नाही. त्यांना ऐकू येणार नसेल, तर मी डोळ्याला हात लावणार नाही. मशीन घालूनच आणा.”

इंटरनेटवर कुरिअर कंपनीचा नंबर शोधला. अगदी वर जो निघाला तो लावला, तर पलीकडच्या माणसाने पहिल्याच रिंगला उचलला आणि इतक्या आपुलकीने विचारपूस सुरू केली, की मला लगेच संशय आला. पार्सल शोधण्यासाठी त्याला माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून हवं होतं. मी फोन ठेवला. मग ट्रॅकिंगच्या मेसेजवरून कंपनीच्या साइटवर गेले आणि तिथला नंबर लावला. तिथे बराच वेळ संगीत ऐकावं लागलं, तेव्हा कुठे खात्री पटली, की हीच खरी ग्राहक सेवा.

“मॅडम, आपलं पार्सल डिलिव्हर झालेलं आहे,” मुलगी म्हणाली.

“कुणाला?”

“घरातल्या व्यक्तीला.”

“त्या व्यक्तीचं नाव?”

“नावाच्या जागी ‘घरातील सदस्य’ असंच आहे, मॅडम.”

आमच्या लॅबमध्ये लघवीची बाटलीसुद्धा नाव आणि नंबर दोन्ही जुळल्याशिवाय एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. पण कानाच्या मशीनला तेवढा मान कुठला!

“ओटीपी सांगितल्याशिवाय आम्ही पार्सल देत नाही, मॅडम. आणि ओटीपी बरोबर होता.”

“मला ओटीपी आलेलाच नाही.”

“पार्सलवर जो मोबाइल नंबर आहे, त्याच्यावर गेलाय. पूर्ण नंबर मला सांगता येत नाही. शेवटचे आकडे चार-सात.”

माझ्या नंबरच्या शेवटी चार-सात नाही, आईच्याही नाही. मी तक्रार नोंदवून घ्यायला लावली आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेतला.

“ज्यांनी डिलिव्हरी केली त्यांच्याकडे आम्ही चौकशी करू. दोन-तीन कामाचे दिवस लागतील.”

“परवा आईचं ऑपरेशन आहे हो.”

“ऑपरेशनसाठी आमच्याकडून शुभेच्छा, मॅडम.”

समोरच्या दारातल्या काकूंना सगळी इमारत पोस्टमास्तर म्हणते. दुपारी त्या घरीच असतात, त्यामुळे मजल्यावरच्या सगळ्यांची पार्सलं त्यांच्याकडे येतात आणि पार्सल नेताना प्रत्येकजण थोडी थोडी माहिती ठेवून जातो. त्यांनी चपलांच्या कपाटावरचा ढीग माझ्यासमोर उपसला.

“हे वरच्यांचं. हे त्यांच्या सुनेचं, सासूला सांगू नकोस. तुझं नाही गं आलं. आज दुपारी दोन तास मी दातांच्या डॉक्टरकडे होते, तेवढ्यात आलं असेल मेलं.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आई बऱ्या आहेत ना आता? मग तू तिकडे कधी जाणार परत?”

तिकडे म्हणजे आवारातल्या ब इमारतीत. तिथे माझा नवरा राहतो. दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली, पाय मोडला, तेव्हा मी तिच्यासाठी चार दिवस म्हणून अ इमारतीत आले. पाय बरा झाला. मग म्हटलं, कानाचं मार्गी लागू दे. कानाचं लागलं, तेवढ्यात डोळ्याचं निघालं. आईला अवयव होते तोवर मला कारणांची ददात नव्हती.

“बघू, काकू. डोळ्याचं होऊ दे,” मी म्हणाले.

“होऊ दे, होऊ दे. जावईबापू बिचारे डबा आणून खातात. काल गेटपाशी भेटले, किती वाळलेत!” त्यांनी माझ्या हातातला फोन चष्म्याजवळ नेला. “आणि हा कसला फोटो? अगं, ही तर गेटवरची खुर्ची!”

खरंच की. येताजाता रोज तिच्यावरून नजर गेली होती, पण तिच्यावर वॉचमन नसताना ती कधी बघितलीच नव्हती.

वॉचमनदादा गेटवर होते, आणि खुर्चीवर होते. मी फोटो पुढे केला.

“ही तुमचीच ना?”

“हो मॅडम. तार मीच बांधलीय. कमिटी नवीन देईना.”

“छान बांधलीय. आणि हा खोका?”

“तो दिला की साहेबांना.”

“कुठल्या साहेबांना?”

“कुठल्या म्हणजे? तुमच्या!” माझ्या तब्येतीबद्दल शंका आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “डिलिव्हरीवाला वर जाऊन आला. म्हणाला, बेल मारून मारून दमलो, कुणी उघडत नाही. मग त्याने पार्सलवरचा नंबर फिरवला. साहेबांनी उचलला. म्हणाले, गेटवर ठेव, मी येताना नेतो. ओटीपीपण त्यांनीच सांगितला. त्याने इथे खुर्चीवर ठेवून फोटो काढला आणि गेला.”

“दादा, त्यावर आईचं नाव होतं. अ इमारत लिहिलं होतं.”

“लिहिलेलं होतं की. मी वाचलं ना! पण आमच्या ॲपमध्ये तुमची दोन्ही घरं एकाच फॅमिलीत टाकलीत. हे बघा.” त्यांनी गेटचा मोबाइल दाखवला. कुटुंबप्रमुख म्हणून नवऱ्याचा हसरा फोटो, खाली मी, खाली आई. “म्हटलं, घरचंच माणूस आहे. ते देतील वर नेऊन.”

मी माझ्या फोनमध्ये नवऱ्याचा नंबर काढून पाहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तो मला पाठ झाला नव्हता, कारण तो ‘घर’ या नावाखाली होता. शेवटी चार-सात. आईचं मशीन घेतलं तेव्हा दुकानातला फॉर्म जावई म्हणून मोठ्या हौसेने त्यानेच भरला होता. दुरुस्तीवाल्यांनी पत्ता विचारला तेव्हा मी सांगितला. नंबर कुणी विचारला नाही, आणि मला सुचलं नाही.

ब इमारतीतल्या त्या दाराची किल्ली अजून माझ्या जुडग्यात आहे. मी बेल वाजवली.

“अगं, तू होय! ये की. बेल काय वाजवतेस पाहुण्यासारखी,” नवरा म्हणाला. तो वाळलेला वगैरे काही दिसत नव्हता. खोका टीव्हीशेजारी ठेवलेला होता आणि त्यावर टीव्हीचा रिमोट.

“हे आईचं मशीन आहे.”

“ते काय मला माहीत? मी उघडलं नाही बाबा, दुसऱ्याचं पार्सल आपण उघडत नाही.”

“बाहेर लिहिलंय, ‘श्रवणयंत्र. काळजीपूर्वक हाताळा.’”

“मग काळजीपूर्वकच ठेवलंय ना?”

“एक फोन करायचा होता. मी केव्हापासून शोधतेय.”

“अगं, म्हटलं तू येशीलच. त्या निमित्ताने तरी येशील.” तो हे इतकं निरागसपणे म्हणाला, की क्षणभर मलाच वाटलं, आपण उगीच ग्राहक सेवेला त्रास दिला. “चहा टाकतेस? चांगला होतो तुझ्या हातचा. आणि डोळ्याचं झालं, की येतेच आहेस ना इकडे? मग पार्सल इथे काय नि तिथे काय. एकाच घरात आलं.”

मी रिमोट उचलून टीव्हीवर ठेवायला गेले, तर टीव्हीला वर ठेवण्याइतकी जाडीच नव्हती. रिमोट त्याच्या हातात दिला. “नंतर बोलू,” म्हणाले. हे वाक्य मी दोन वर्षं इतक्या वेळा म्हटलंय, की ते आता आपोआप निघतं.

जिन्यातच मी दुरुस्ती केंद्राला फोन लावून त्यांच्याकडचा नंबर बदलून घेतला. मग कुरिअरच्या तक्रारीखाली पार्सल मिळाल्याचं लिहिलं आणि खाली जोडलं, ‘घरातल्या व्यक्तीला दिलेले नव्हते.’ ताबडतोब उत्तर आलं. आपला अनुभव कसा होता, किती तारे द्याल?

आई खिडकीशी बसली होती. मी आत आल्याचं तिला कळलं नाही. मी समोर जाऊन खोका दाखवला, तेव्हा तिने लहान मुलीसारखा डावा कान पुढे केला. साचा बसवला, कळ दाबली. आतून बारीकसा सूर वाजला आणि आई दचकली.

“पंखा केवढा वाजतो गं आपला!”

“वाजतोच.”

“एवढा वेळ कुठे होतीस?”

“पार्सल शोधत होते. ब इमारतीत गेलं होतं.”

“असं.” तिने साचा कानात नीट दाबला. “काय म्हणाले जावई?”

मी काही बोलायच्या आत गेटवरून इंटरकॉम वाजला. तो आईलाही ऐकू गेला. मी उचलला, तर वॉचमनदादांचा आवाज खोलीभर भरला. त्या यंत्रात हळू बोलायची सोयच नाही.

“मॅडम, मिळालं ना? चुकलं असेल तर माफ करा. काय आहे, साहेब आत्ता खाली येऊन गेले. म्हणाले, घर एकच आहे, दोन्हीकडचं पार्सल माझ्याकडेच द्यायचं. ॲपमध्ये तसं टाकू का? तुम्ही हो म्हणालात की झालं. नाही म्हणालात तर तुमची फॅमिली वेगळी करावी लागेल, आणि मग ते कारण विचारतं.”

आई माझ्याकडे बघत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू असूनही नीट बघत होती. मोडलेला पाय जुळला होता, कान लागला होता, डोळा परवा होणार होता. पुढे कुठला अवयव काढायचा ते मला चटकन सुचेना.

“आहात ना, मॅडम? काय टाकू?”

“वेगळी टाका, दादा,” मी म्हणाले. “कारण लिहा, मी त्या घरी परत जाणार नाही.”