दीड हजार

गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचं तोंड गोठ्याकडे नाही, हे मला कळायला पुरं वर्ष लागलं. शेरडं त्यात कोपऱ्यात दिसतात, बाकी सगळं आमचं अंगण आणि फाटक. पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच होतं.

बीडच्या एका अकादमीसाठी मी घरातून पोलीस भरतीचं गणित लाइव्ह शिकवते. लॅपटॉप, डिजिटल पेन आणि मागे सासूबाईंनी दिलेली चादर, हा माझा वर्ग. घराबाहेर नोकरी करायची नाही, या अटीवरच नवऱ्यानं, रामेश्वरनं, वायफाय घेऊन दिलं. तो पुण्याकडे कंपनीत असतो.

वर्ग मधेच अडकायचा. माझं तोंड उघडं राहायचं आणि पोरं खाली लिहायची, "मॅडम गोठल्या." अकादमीच्या सरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, "मनिषा मॅडम, लाइन टिकत नसेल तर बीडच्या स्टुडिओत येऊन शिकवा. तेही जमत नसेल तर मग राम राम." बीड एसटीनं तासाभरावर. मला तर स्टुडिओचं नुसतं नाव ऐकूनच पंख फुटले होते.

रामेश्वर फोनवर म्हणाला, "बीडला कावून? घरून जमत नसंल तर सोडून दे."

म्हणजे वर्ग टिकला नाही तर सगळंच गेलं. मी अभ्यासाला बसले. जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, आपला व्हिडिओ मात्र अपलोडमधून जातो, हे तेव्हा समजलं. अपलोड मोजला तर चार हजार किलोबिट. मी सहा हजार पाठवत होते! पायलीच्या मापात दीड पायली ओतत होते आणि सांडलं म्हणून रडत होते. थोडी जागा राखून अडीच हजार ठेवलं. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातला चौकोन हिरवा झाला, वर्ग सुरळीत सुरू झाला, आणि शेकडेवारीच्या ऐन मध्यावर चौकोन लाल.

पुन्हा मोजलं, चार हजार. पुन्हा वर्ग, पुन्हा मधेच लाल. दोन-चार मिनिटांनी आपोआप हिरवा. भूत असावं तसं.

एका दुपारी सराव करताना चौकोन लाल झाला, तशी मी वैतागून घरातल्या एकेका वस्तूची वायर काढत गेले. कॅमेऱ्याची काढली आणि चौकोन हिरवा झाला. कॅमेरा एरवी आपलं चित्र स्वतःच्याच कार्डावर ठेवतो. बाहेरून कुणी मोबाइलवर उघडून बघितलं, तरच ते चित्र आमच्या लाइनवरून बाहेर जातं, आणि जाताना दोनेक हजार खातं.

फोन वाजलाच.

"कॅमेरा कावून बंद हाय?" रामेश्वर.

"वायर निघाली असंल. तुमी शेरडं बघत होता का?"

"हां... शेरडंच. लाव लवकर."

मी वायर लावली. अंगणात आले आणि पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या खाली उभी राहून त्याच्या नजरेनं पाहिलं. मला लई राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, जणू चोरी मीच केली होती.

सासूबाई, जानकीबाई, ज्वारी निवडत होत्या. मी सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला ठावं हाय गं. आपल्याला काय करायचं? भिंतीला बी कान असत्यात म्हणत्यात, हितं डोळं हायेत."

भांडले असते तर वायफायच गेलं असतं. म्हणून मी तोडगा काढला. बिटरेट, म्हणजे व्हिडिओ पाठवायचा वेग, दीड हजारावर आणला, चित्र लहान केलं, पेन जाड केलं, एका पाटीवर तीनच ओळी. आता त्यानं बघितलं तरी दोघांचं मिळून चार हजाराच्या आत बसत होतं. माझ्या वर्गात मी त्याच्या पाळतीसाठी जागा राखून ठेवली होती.

वर्ग एकदाही अडकला नाही. महिनाभरानं सरांचा फोन आला. आवाजात साखर होती. "मॅडम, पोरं खूश आहेत. घरूनच इतकं सुरेख चाललंय, तर स्टुडिओचा विषयच मिटला. तुम्हाला कायम केलं."

रामेश्वरलाही आनंद झाला. "बघ, मी म्हनलो न्हवतो?"

त्या रात्री मी जेवले नाही. स्वतःच्या हुशारीनं स्वतःला कोंडून घेतलं होतं. पण पडल्यापडल्या एक गोष्ट ध्यानात आली. सर आता मला "राम राम" म्हणणार नाहीत. पोरांना मी हवी होते.

दुसऱ्या दिवशी वर्गाला पोरं जमली. मी दीड हजार खोडलं आणि साडेतीन हजार लिहिलं. कुणी पाळत ठेवली नाही तर वर्ग चालेल, ठेवली तर तुटेल. तुटला की सरांना सांगायचं, घरची लाइन टिकत नाही, बीडला येते. नवऱ्याला सांगायचं, तुमीच तोडली. नोकरी जाईल का? जाईल कदाचित.

"नमस्कार मुलांनो," म्हणाले आणि लाइव्ह दाबलं. चौकोन हिरवा होता. मी पहिलं गणित मांडलं आणि रामेश्वरनं कॅमेरा उघडण्याची वाट बघू लागले.