चौदा जणांचं कॅलेंडर

"तुझं काम ढिसाळ, आणि आपण माणसं इनमिन सात. ग्रॅच्युइटी कसली?" राजीनामा देताच छापखान्याच्या मालकाने हात झटकले. एकोणीस वर्षं बाइंडिंग केलं मी! लेखी मागणी केली, ती नाकारली, तशी कामगार कार्यालयात अर्ज ठोकला.

सुनावणीत मालकाने तेच दळण दळलं. अधिकारी म्हणाले, "ढिसाळ कामाच्या नावाखाली ग्रॅच्युइटी बुडवता येत नाही. आणि एकदा दहा माणसं झाली, की पुढे कमी झाली तरी कायदा लागूच राहतो. दहा होती कधी?"

"कधीच नाही," मालक म्हणाले.

मी पिशवीतून त्यांनीच छापलेलं बारा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर काढलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'आमचे चौदा कामगार'.

"मोजा साहेब," मी म्हटलं. "बाइंडिंग माझंच आहे. बारा वर्षांत एक पान सुटलेलं नाही."